पगार जमा झाला, पण हिशेब जुळला का?

महिनाअखेरीस बँकेचा निरोप मोबाईलवर येतो, पगार जमा झाल्याचे कळते आणि बहुतेक घरांत पगाराच्या स्लिपशी असलेला संबंध तिथेच संपतो. स्लिप संगणकावर उघडली तरी नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. तो आकडा आणि बँकेत जमा झालेला आकडा सारखा दिसला की समाधान वाटते. पण हे समाधान अर्धेच असते. दोन आकडे जुळले म्हणजे बेरीज-वजाबाकी बरोबर झाली, एवढेच सिद्ध होते. जी रक्कम कापली, ती कापायलाच हवी होती का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

नोकरीसाठी पुणे-मुंबईहून चेन्नईला गेलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न हमखास पडतो. तिथल्या स्लिपमध्ये एखाद्या महिन्यात अचानक १,२५० रुपयांची कपात दिसते. आदल्या महिन्यात ती नसते, पुढच्या महिन्यातही नसते. काही तरी चुकले, असे वाटते. प्रत्यक्षात ती चूक नसते. उलट खरी चूक त्याच स्लिपमध्ये, अगदी ओळखीच्या दिसणाऱ्या दुसऱ्या ओळीत असू शकते. ती शोधायची तर स्लिपची प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासावी लागते. एक्सेलमध्ये हे काम पहिल्या महिन्यात तासाभराचे आणि पुढे दर महिन्याला दहा मिनिटांचे आहे.

एक नमुना स्लिप

समजा, पुण्याहून चेन्नईत बदली झालेल्या एका कर्मचाऱ्याचा पगार महिना ६०,००० रुपये ठरला आहे. त्यात मूळ वेतन ३०,०००, घरभाडे भत्ता १५,०००, विशेष भत्ता १३,००० आणि वाहन भत्ता २,००० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने एक दिवस बिनपगारी रजा घेतली. म्हणजे ३१ दिवसांपैकी ३० दिवसांचा पगार मिळणार.

त्याच्या स्लिपवर मिळकतीच्या बाजूला मूळ वेतन २९,०३२, घरभाडे भत्ता १४,५१६, विशेष भत्ता १२,५८१ आणि वाहन भत्ता १,९३५ रुपये आहे. एकूण ५८,०६४. कपातीच्या बाजूला भविष्यनिर्वाह निधी ३,४८४, व्यवसाय कर १,२५०, प्राप्तिकर शून्य, कँटीन ६४०, उचलीचा हप्ता १,५०० आणि आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता ८५० रुपये. एकूण कपात ७,७२४. हातात येणारी रक्कम ५०,३४०. बँकेतही बरोबर ५०,३४० रुपयेच जमा झाले आहेत.

वरवर पाहता तक्रारीला जागा नाही. आता हीच स्लिप एक्सेलमध्ये उतरवून पाहू.

कागदाची आखणी

वर `B1` मध्ये महिन्याचे दिवस, म्हणजे ३१ आणि `B2` मध्ये पगारी दिवस, म्हणजे ३० लिहावेत. त्याखाली पाच रकाने करावेत. `A` मध्ये बाबीचे नाव, `B` मध्ये नेमणुकीच्या पत्रात ठरलेली पूर्ण महिन्याची रक्कम, `C` मध्ये स्लिपवर छापलेली रक्कम, `D` मध्ये आपण स्वतः काढलेली रक्कम आणि `E` मध्ये दोन्हींतला फरक.

मिळकतीच्या चार बाबी पाचव्या ते आठव्या ओळीत येतील आणि नवव्या ओळीत त्यांची बेरीज. कपातीच्या सहा बाबी अकराव्या ते सोळाव्या ओळीत, सतराव्या ओळीत त्यांची बेरीज. अठराव्या ओळीत हातात येणारी रक्कम, एकोणिसाव्या ओळीत बँकेत जमा झालेली रक्कम आणि विसाव्या ओळीत त्या दोघांतला फरक. `C` रकान्यातली सूत्रे अशी:

```
C9   =SUM(C5:C8)
C17  =SUM(C11:C16)
C18  =C9-C17
C20  =C19-C18
```

`C19` मधला आकडा बँकेच्या पासबुकातून किंवा खातेउताऱ्यातूनच घ्यावा. स्लिपवरून तो उतरवला तर स्लिप स्लिपशीच ताडल्यासारखे होईल. त्याच सुमाराला प्रवासखर्चाची परतफेड वेगळी जमा झाली असेल, तर ती पगारात मिसळू नये. तसेच ऑगस्टचा पगार सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत जमा झाला, तरी तो ऑगस्टच्याच स्लिपशी ताडायचा.

पहिला फरक बहुधा आपलाच असतो

संगणकावर आलेल्या स्लिपमधले आकडे कुणीही हाताने टंकत बसत नाही. ते उचलून एक्सेलमध्ये चिकटवले जातात. पहिली गंमत इथेच होते. आपल्या नमुन्यात कपातीची बेरीज ७,७२४ यायला हवी, पण एक्सेल ६,४७४ दाखवते. हातात येणारी रक्कम ५१,५९० दिसते आणि `C20` मध्ये उणे १,२५० असा फरक उमटतो. अनोळखी व्यवसाय कराकडे लगेच बोट जाते, पण दोष कराचा नसतो.

झालेले असे असते की चिकटवताना १,२५० या आकड्यामागे डोळ्यांना न दिसणारे एखादे अक्षर आलेले असते, किंवा तो सेल आधीपासून मजकुरासाठी राखलेला असतो. त्यामुळे एक्सेल त्याला आकडा न मानता शब्द मानते आणि `SUM` शब्दांची बेरीज करत नाही. ते कसलीही सूचना न देता त्या सेलला वगळून पुढे जाते. म्हणूनच ही चूक फसवी आहे. डोळ्यांना सहा ओळी दिसतात, बेरीज मात्र पाचच ओळींची होते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. सेलची मांडणी बदललेली नसेल, तर आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो आणि शब्द डाव्या कडेला. खात्री हवी असेल, तर एखाद्या रिकाम्या सेलमध्ये असे विचारावे:

```
=COUNT(C11:C16)
```

हे सूत्र फक्त खरे आकडे मोजते. कपातीच्या सहा ओळी असताना उत्तर ५ आले, तर एक ओळ शब्द बनून बसली आहे. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तो सेल पुसून, त्याची मांडणी साध्या आकड्याची करून रक्कम हाताने पुन्हा टंकणे. तेवढे केले की `C20` मध्ये शून्य येते.

फरकाचा आकडाच कारण सांगतो

शून्य आले नाही, तर एकेक ओळ चाचपडण्यापूर्वी फरकाच्या आकड्याकडे नीट पाहावे. जुने हिशेबनीस हेच करत असत.

फरक एखाद्या ओळीइतकाच असेल, तर ती ओळ बेरजेतून सुटली आहे. फरक एखाद्या ओळीच्या दुप्पट असेल, तर ती ओळ उलट्या बाजूला गेली आहे. कँटीनचे ६४० रुपये वजा होण्याऐवजी मिळकतीत मिळवले गेले, तर फरक १,२८० येईल. म्हणून फरकाला दोनने भागून तो आकडा स्लिपवर कुठे दिसतो का, हे पाहावे.

फरक ९ ने पूर्ण भागला जात असेल, तर टंकताना दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते. ३,४८४ च्या जागी ३,८४४ लिहिले गेले, तर फरक ३६०, म्हणजे ९ गुणिले ४० येतो. शेजारचे कोणतेही दोन अंक उलटले, तरी फरक ९ च्या पाढ्यातच पडतो.

या साऱ्या खुणा आहेत, पुरावे नाहीत. आपल्याच नमुन्यात १,९३५ चा फरक आला असता तर? तो वाहन भत्त्याच्या ओळीइतका आहे. ६०,००० ला ३१ ने भागल्यावर येणारा एका दिवसाचा पगारही तेवढाच आहे. आणि योगायोगाने तो ९ नेही भागला जातो. अशा वेळी तिन्ही शक्यता तपासूनच निर्णय करावा लागतो.

एका रुपयाच्या फरकाची गोष्ट निराळी आहे. ६०,००० ला ३० ने गुणून ३१ ने भागले तर ५८,०६४ रुपये ५२ पैसे येतात, म्हणजे पूर्णांकात ५८,०६५. स्लिपवर मात्र ५८,०६४ आहेत. इथे कुणी रुपया खाल्लेला नाही. पगाराची संगणक प्रणाली प्रत्येक ओळ आधी पूर्ण रुपयात आणते आणि मग बेरीज करते. आपल्यालाही तसेच करायला हवे. त्यासाठी `D5` मध्ये पुढील सूत्र लिहून ते `D8` पर्यंत खाली ओढावे:

```
=ROUND(B5*$B$2/$B$1,0)
```

डॉलरच्या खुणांमुळे सूत्र खाली ओढले तरी दिवसांचे सेल जागेवरून हलत नाहीत. दशांश नुसते लपवून चालत नाही. एक्सेल पडद्यावर १२,५८१ दाखवते आणि आत १२,५८०.६४५ धरून बेरीज करते. `ROUND` केल्यावर मात्र आत-बाहेर एकच आकडा राहतो.

आता प्रत्येक ओळ स्वतः काढा

इथपर्यंत जे झाले ते फक्त बेरजेचे काम. `D` रकान्यात स्लिपकडे न पाहता, नियमावरून किंवा हाती असलेल्या कागदावरून रक्कम काढायची आहे.

भविष्यनिर्वाह निधीसाठी कर्मचाऱ्याचा वाटा साधारणपणे मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के असतो. इथे महागाई भत्ता नाही, म्हणून २९,०३२ चे १२ टक्के, म्हणजे ३,४८३ रुपये ८४ पैसे, पूर्णांकात ३,४८४. ओळ जुळली. काही कंपन्या सप्टेंबर २०१४ पासून लागू असलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच निधी कापतात. तिथे पूर्ण महिन्याला हा आकडा १,८०० दिसेल. आपल्या कंपनीची रीत कोणती, हे नेमणुकीच्या पत्रात पाहावे. शिवाय निधीच्या ऑनलाइन पासबुकात कर्मचाऱ्याच्या वाट्याखाली हीच रक्कम जमा दिसली पाहिजे. स्लिपवर कापली आणि पासबुकात काही महिने उलटूनही आलीच नाही, तर तो फरक एक्सेल दाखवणार नाही. तो पासबुक उघडूनच कळेल. मालकाचा वाटा मात्र या वजाबाकीत धरायचा नाही. तो कंपनीच्या एकूण खर्चाच्या पत्रकात दिसतो, स्लिपवरच्या कपातीत नाही.

आता तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात हा कर राज्य सरकार घेते आणि वरच्या टप्प्यातल्या नोकरदाराचे दरमहा २०० व फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. वर्षाचे २,५०० होतात. तमिळनाडूत तो स्थानिक संस्था घेते आणि सहा-सहा महिन्यांचा हिशेब असतो. एप्रिल ते सप्टेंबर हे एक सहामाही, ऑक्टोबर ते मार्च हे दुसरे. ग्रेटर चेन्नई महानगरपालिकेच्या हद्दीत सहामाही मिळकत ७५,००० रुपयांच्या वर गेली की कर १,२५० रुपये. कंपन्या तो बहुधा ऑगस्ट-सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास एकदम कापतात. काही कंपन्या सहा महिन्यांत वाटून दरमहा २०८ रुपयांच्या आसपास घेतात. कसेही कापले तरी वर्षाचे २,५०० च होतात, कारण या कराची वार्षिक कमाल मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमातच २,५०० रुपये ठरलेली आहे. म्हणून चेन्नईच्या स्लिपवर ही ओळ महिन्याची न तपासता सहामाहीची तपासावी. एप्रिल ते सप्टेंबर या सहा स्लिपांवरच्या रकमांची बेरीज १,२५० आली की ओळ बरोबर. एकाच सहामाहीत ती दोनदा दिसली, तर विचारणा करावी. कार्यालय तांबरम किंवा आवडीच्या हद्दीत असेल, तर तिथल्या महानगरपालिका वेगळ्या आहेत, म्हणून दराचा टप्पाही त्यांच्याकडूनच पाहावा.

प्राप्तिकराच्या ओळीत शून्य आहे, तेही तपासून पाहावे. वर्षाचा पगार सुमारे ७ लाख २० हजार होतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर भरावा लागत नाही. या कर्मचाऱ्याने नवी प्रणाली घेतली आहे आणि दुसरी मिळकत नाही, तेव्हा शून्य योग्यच आहे. ज्यांचा कर कापला जातो, त्यांनी ही ओळ एकट्या महिन्याची ताडू नये. कंपनी वर्षभराच्या कराचा अंदाज करून तो उरलेल्या महिन्यांत वाटते. त्यामुळे रक्कम मधेच बदलते. इथे वर्षाची बेरीजच ताडावी.

कँटीनचा आकडा कूपनांवरून आणि विम्याचा आकडा विमा योजनेच्या पत्रावरून मिळतो. दोन्ही जुळले. उरली उचल.

जुळलेल्या हिशेबातली चूक

या कर्मचाऱ्याने चेन्नईला घर मांडताना कंपनीकडून १२,००० रुपये उचल घेतली होती. मंजुरीच्या पत्रात १,५०० रुपयांचे आठ हप्ते लिहिले आहेत, पहिला डिसेंबर २०२४ च्या पगारातून. बोटांवर मोजले तरी डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जून आणि जुलै असे आठ महिने होतात. जुलैतच उचल फिटली. ऑगस्टच्या स्लिपवर कापलेला हप्ता नववा आहे.

म्हणून `D15` मध्ये शून्य येते आणि `E15` मध्ये १,५००. आपल्या हिशेबाने कपात ६,२२४ आणि हातात यायची रक्कम ५१,८४०. स्लिप आणि बँक दोघेही ५०,३४० वर एकमत आहेत, आणि तरीही १,५०० रुपये कमी आले आहेत. बँकेने स्लिपवरचाच आकडा जमा केला, म्हणून शेवटची ओळ जुळली. चूक वरच्या ओळीत होती, आणि ती केवळ बेरीज पाहून कधीच सापडली नसती. दरमहा तोच आकडा पाहून डोळे सरावतात, म्हणून मुदत संपलेले हप्ते, सोडलेल्या वाहनसेवेचे पैसे किंवा बंद केलेल्या योजनेची वर्गणी अशा ओळी स्लिपमध्ये महिनोन्महिने टिकून राहतात. अनोळखी व्यवसाय कर मात्र सगळ्यांच्या लक्षात येतो.

यावर सोपा उपाय म्हणजे हप्त्यांसाठी एक्सेलमध्ये छोटा स्वतंत्र कागद ठेवणे. त्यात महिना, कापलेली रक्कम आणि उरलेली बाकी असे तीन रकाने पुरतात. बाकी शून्य झाली की पुढच्या महिन्याच्या `D15` मध्ये शून्य लिहायचे.

विचारणा कशी करावी

पगार विभागाला "पगार कमी आला" असे कळवून फारसा उपयोग होत नाही. तिथला माणूस शेवटची ओळ पाहील, बँकेशी जुळवील आणि सर्व ठीक असल्याचे उत्तर देईल. त्याऐवजी ओळीचे नाव, महिना आणि दोन आकडे लिहावेत: ऑगस्ट २०२५, उचलीचा हप्ता, कापले १,५००, अपेक्षित शून्य. आठवा हप्ता जुलैत पूर्ण झाला, सोबत मंजुरीचे पत्र आणि आठ स्लिपा. एवढे दिले की तपासायला पाच मिनिटे लागतात.

चूक मान्य झाली, तर रक्कम बहुधा पुढच्या पगारात मागील बाकी म्हणून मिळकतीच्या बाजूला येते. एक्सेलमध्ये त्यासाठी नवी ओळ लागेल. ती आठव्या ओळीच्या खाली न घालता पाचव्या आणि आठव्या ओळींच्या मध्ये घालावी. मध्ये घातलेली ओळ `SUM` आपोआप सामावून घेते. शेवटी जोडलेली ओळ बेरजेबाहेर राहू शकते, आणि मग स्लिप बरोबर असूनही पुन्हा १,५०० चा फरक दिसतो. या ओळीला दिवसांच्या प्रमाणाचे सूत्रही लावू नये. ती परत आलेली रक्कम आहे, त्या महिन्याचा पगार नव्हे. भविष्यनिर्वाह निधीच्या १२ टक्क्यांतही ती धरू नये.

पुढच्या महिन्यासाठी तोच कागद नव्या पानावर उतरवून घ्यावा आणि फक्त दिवस, स्लिपचे आकडे व बँकेची रक्कम बदलावी. वर्षाच्या शेवटी ही बारा पाने हाताशी असली की कंपनीकडून मिळणारे करकपातीचे प्रमाणपत्रही याच आकड्यांशी ताडता येते. मात्र पान तपासताना आधी `E` रकाना पाहावा आणि `C20` नंतर. `E` मध्ये सर्वत्र शून्य असेल, तरच `C20` मधल्या शून्याला अर्थ आहे.